मदत हवी आहे: भिजवलेल्या काजूची पेस्ट मिक्सरमध्ये मऊ दिसते, पण ग्रेव्हीत रवाळ का होते?

गौरी_धरमपेठ

सुट्ट्यांत नणंदबाई मुलाला घेऊन नागपूरला येताहेत. भाचा सहा वर्षांचा आहे आणि त्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध, दही, साय, पनीर, लोणी, तूप यातलं काहीच चालत नाही. काजू-बदाम मात्र तो आरामात खातो, हे वन्संना विचारून घेतलं आहे. त्या रविवारी घरी पंधरा माणसं जेवायला आहेत. पोराला वेगळं ताट वाढायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून सगळ्यांसाठीच दुधाशिवायची पांढरी ग्रेव्ही करून त्यात दुधी-बटाट्याचे कोफ्ते सोडायचा विचार आहे.

अडचण अशी. काजू साध्या पाण्यात तासभर भिजवते, मग मोठ्या भांड्यात एक वाटी पाणी घालून फिरवते. पेस्ट दिसायला छान पांढरी होते. पण परतलेल्या कांद्यावर घातली की मिनिटभरात गोळा होऊ लागते, बुडाला धरते, आणि पाणी घालून सारखी केली तरी जिभेला बारीक रवा लागतो. काजू तुकडाच आहे, इतवारीतून आणलेला, ताजा आहे. चूक भिजवण्यात आहे, वाटण्यात की शिजवण्यात?

सुमनताई_महाल

गौरी, काजू तासभर भिजवून काय होतं? रात्रभर भिजवायचे. सकाळी ते पाणी फेकायचं, दोनदा धुवायचे आणि मग वाटायचे. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं आणि कधी रवाळ झालं नाही. पाणी फेकलं नाही तर काजू पचायला जड जातात. गरम पाण्यात घालायची घाई मात्र करू नकोस, त्यानं काजूचं तेल सुटतं आणि ग्रेव्ही फाटते.

रस्सेवाला_नंदनवन

अहो, दुधाशिवाय पाहिजे ना? मग काजूच्या मागे काऊन लागता? आपल्या सावजी रश्श्यात दुधाचा थेंब नसतो. सुकं खोबरं आणि खसखस भाजून घ्या, दगडफूल, मिरी आणि बाकीचा मसाला तेलात भाजून बारीक वाटा, थोडं ज्वारीचं पीठ लावा. दाटपणा असा येतो की काजूची आठवणही येत नाही. पंधरा माणसं बोटं चाटत उठतील.

गौरी_धरमपेठ

भाऊ, रस्सा मलाही प्रिय आहे, पण सहा वर्षांच्या पोराला तो तिखटपणा झेपायचा नाही. मला पांढरी, सौम्य ग्रेव्हीच हवी आहे. सुमनताई, रात्रभर भिजवून बघेन, पण सध्या इतकं ऊन तापतंय की ओट्यावर रात्रभर ठेवायची भीती वाटते.

कॅटरिंगवाले_काका

भीती बरोबर आहे. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात रात्रभर बाहेर ठेवलेल्या काजूच्या पाण्याला सकाळी फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. रात्रभर भिजवायचेच असतील तर फ्रिजमध्ये ठेवा. एरवी उकळतं पाणी ओतून, झाकण ठेवून अर्धा तास पुरे. त्यानं ग्रेव्ही फाटत नाही, आम्ही रोज तसंच करतो. भिजले की नाही हे घड्याळावर ठरवू नका. एक काजू दोन बोटांत दाबा. मधोमध कडक कणी न लागता तो चपटा होऊन पसरला, की भिजला. तुमचे तासाभराचे काजू वरून मऊ आणि आत कच्चे राहत असणार.

पण सगळा दोष भिजवण्याचा नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी सांगताय, त्या सुट्या करा.

रवा लागतो तो वाटण्यामुळे. मोठ्या भांड्यात सुरुवातीलाच वाटीभर पाणी घातलं की तुकडे पाण्याबरोबर गोल फिरतात, पात्याखाली येतच नाहीत. चटणीचं लहान भांडं घ्या, पाणी निथळून टाका, काजूंवर जेमतेम तीन-चार चमचे पाणी घाला आणि थांबून थांबून फिरवा. दर वेळी कडेचं खरवडून खाली लोटा. आधी घट्ट लोण्यासारखा गोळा होऊ द्या. तो गुळगुळीत झाला की मगच अर्धी वाटी पाणी थोडं थोडं घालून पातळ करा. पातळ केल्यावर कणी मोडत नाही, जे मोडायचं ते घट्ट असतानाच मोडतं. आणि उकळत्या पाण्यातले काजू तसेच मिक्सरमध्ये टाकू नका. वाफ कोंडून झाकण उडतं आणि हात भाजतो. निवू द्या.

गोळा होतो तो शिजवण्यामुळे. काजूत तेल असतंच, पण पिठूळ भागही बराच असतो, बदामापेक्षा पुष्कळ जास्त. साध्या पाण्यात भिजवलेल्या काजूत तो कच्चाच असतो. पेस्ट तापून 70 अंशांच्या आसपास गेली की हा भाग पाणी ओढून फुगायला लागतो. तुम्ही ती तापलेल्या कढईत थेट कांद्यावर ओतता, तिथं पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ती जागच्या जागी घट्ट होऊन बुडाला धरते. आधी कांद्यात वाटीभर गरम पाणी घाला, गॅस बारीक करा, पेस्टमध्येही थोडं कोमट पाणी कालवून ती धारेनं सोडा आणि उकळी येईपर्यंत उलथनं बुडाशी फिरवत राहा.

आता तुमच्याच पेस्टची परीक्षा करून बघा. काचेच्या ग्लासात कोमट पाणी घ्या, त्यात एक चमचा पेस्ट ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. पाणी दुधासारखं राहिलं आणि तळाला नावापुरता साका दिसला तर वाटण झालं आहे. तळाला पांढरा थर बसला आणि तो चिमटीत घेतल्यावर खरखरला, तर पुन्हा फिरवायला हवं.

गौरी_धरमपेठ

काका, फ्रिजमध्ये कालची पेस्ट होती, तिचीच परीक्षा केली. तळाला बोटाच्या पेरापेक्षा कमी, पण चांगला दिसेल असा थर बसला आणि चिमटीत तो खरखरला. मग नवीन काजू उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवले, निववले आणि लहान भांड्यात चार चमचे पाण्यावर वाटले. मधे मिक्सर गरम झाला म्हणून पाच मिनिटं थांबले. या वेळी ग्लासातलं पाणी पांढरंच राहिलं, तळाशी फक्त धूसर रेघ. बोटांवर चोळलं तर काही लागत नाही.

पंधरा माणसांना किती काजू घेऊ? आणि वाटलेलं आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का?

पास्तावाली_आई

मीही इथंच विचारते. मुलांच्या पास्त्यासाठी पांढरा सॉस याच पेस्टचा होईल का? माझा सॉस चुलीवर छान असतो, पण ताटात वाढेपर्यंत चिकट लगदा होतो. मैदा तर मी घालतच नाही.

कॅटरिंगवाले_काका

पास्ता आणि काजू दोघंही पाणी ओढतात. तुम्हाला ताटात जेवढा पातळ हवा, त्याहून गॅसवर बराच पातळ ठेवा आणि पास्ता उकळलेलं पाणी वाटीभर बाजूला काढून ठेवा. वाढताना त्यातलं दोन चमचे घातलं की सॉस पुन्हा हलतो.

गौरीताई, चार माणसांच्या ग्रेव्हीला मी 50 ग्रॅम काजू धरतो. मध्यम आकाराचे अख्खे असतील तर साधारण पस्तीस नग. पंधरा जणांना 200 ग्रॅम पुरतील. तुकडा घेताय ते उत्तमच, वाटायचंच आहे तर अख्ख्याचे जास्त पैसे कशाला? फक्त नाकाला लावून बघा, जुन्या तेलासारखा वास असेल तर तो ग्रेव्हीत लपत नाही. 200 ग्रॅम लहान भांड्यात एकदम कोंबू नका, दोन-तीन घाणे करा.

पांढऱ्या ग्रेव्हीला कांदा परतूही नका. चार-पाच मध्यम कांदे मोठे चिरून, काजूबरोबरच पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, पाणी काढून निववा आणि दोन्ही एकत्र वाटा. कच्चा कांदा वाटला तर कडवट होतो, परतला तर रंग जातो. उकळताना काजूचा पिठूळ भाग शिजून जातो, त्यामुळे पेस्ट मिक्सरमध्येच दाट दिसते पण कढईत अचानक घट्ट होत नाही. तुमच्या बुडाला धरण्यावर हाच खरा इलाज आहे. मग तेलात वेलची, लवंग, तमालपत्र, आलं-हिरवी मिरची, त्यावर ही पेस्ट आणि गरम पाणी, बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं. कडेला तेलाचे थेंब दिसायला लागले की पुरे, त्याहून जास्त आटवलंत तर तेल वेगळं होऊन खाली चोथा राहील. तसं झालंच तर गरम पाणी घालून जोरात घुसळा, बहुतेक वेळा सावरतं. कोफ्ते अगदी वाढताना सोडा.

पेस्ट आदल्या दिवशी करा, डबाबंद फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहते. थंड झाल्यावर घट्ट वाटेल, घाबरू नका.

दोन_मुलांची_आई

माझ्या मुलीलाही हीच अ‍ॅलर्जी आहे, म्हणून एक सांगते. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून, आतली खाच घासून धुवा. आमच्या रिंगमागे ताकाचा पांढरा थर निघाला होता. आणि वरून घालायला बाजारातलं ‘नॉन-डेअरी’ क्रीम आणणार असाल तर मागची बारीक अक्षरं वाचा. काहींत सोडियम केसिनेट असतं, ते दुधाचंच प्रथिन आहे. दूध पचत नाही अशा माणसाचं थोड्याफार अंशावर निभतं, अ‍ॅलर्जीत तसं नाही. जेवायला येणाऱ्यांपैकी कुणाला काजूची अ‍ॅलर्जी आहे का, तेही आधीच विचारा.

सुमनताई_महाल

काकांचं उकळायचं पटलं, पण काजू उकळलेलं पाणी फेकायचं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मी फेकणारच.

कॅटरिंगवाले_काका

ताई, कांदा बरोबर उकळला असेल तर मीही फेकतो, कारण त्या पाण्याला उग्र वास येतो. नुसते काजू असतील तर मी तेच पाणी ग्रेव्हीत वापरतो, आजवर कुणाला जड गेल्याचं ऐकलं नाही. ज्याला जे सोसतं ते करावं.

गौरी_धरमपेठ

रिंग आत्ताच काढून बघितली, धुवायला टाकली आहे. आज चार जणांपुरती ग्रेव्ही केली. कांदा-काजू एकत्र उकळून, वाटून. बुडाला धरली नाही, रवा नाही, रंगही पांढरा राहिला. पण चव गोडसर लागते, दह्याची जी हलकी आंबट बाजू असते ती नाही. लिंबू पिळलं तर आंबटपणा वेगळाच पुढे येतो. आमचूर घातलं तर रंग मळतो. पांढरा रंग राखून काय घालता येईल, कुणी करून बघितलं आहे का?

रस्सेवाला_नंदनवन

लिंबू गॅस बंद करून, पाच मिनिटांनी पिळा, आणि आधी मीठ नीट जमवा. मीठ कमी असलं की काजू जास्त गोड लागतात. आंबटाचं मात्र मला दुसरं काही ठाऊक नाही.