मदत हवी आहे: केमोला तीन आठवडे, पाळीला अजून दहा-बारा दिवस. एग फ्रीझिंग जमेल का? (इंदूर)

सुदामानगरची_सई

नमस्कार. धागा घाईत काढतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण, वय 31, लग्न झालेलं नाही. स्तनातली गाठ बारा दिवसांपूर्वी काढली. रिपोर्ट ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आहे. केमो तीन आठवड्यांनी सुरू होणार, आधी एसी नावाच्या औषधांच्या चार सायकल आणि मग टॅक्सॉल. निघता निघता डॉक्टर म्हणाले, "पुढे मूल हवं असेल तर आत्ताच आयव्हीएफवाल्यांना भेटून या, नंतर उशीर होईल." लिफ्टपर्यंत येईस्तोवर आम्हाला त्याचा अर्थ कळला नव्हता.

काल एका क्लिनिकमध्ये फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, पाळीच्या दुसऱ्या दिवशी या. पाळीला अजून दहा-बारा दिवस आहेत. त्यानंतर दोन आठवडे इंजेक्शनं. म्हणजे केमोची तारीख उलटूनच जाते.

दुसरी भीती म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आणि इंजेक्शनंही हार्मोनचीच. हे आगीत तेल नाही का? आणि आईला वेगळीच काळजी आहे: लग्नाआधी "खालून" तपासणी करतील का? तिला हसू नका, ती झोपलेली नाही.

रामबागेतला_बंड्या

ताई, धीर धरा. पण हार्मोनवाल्या कॅन्सरला ही इंजेक्शनं अजिबात देत नाहीत, माझ्या मेव्हण्याच्या वहिनींना स्पष्ट नाही म्हटलं होतं. त्याऐवजी झोलाडेक्सचं इंजेक्शन देतात पोटात, महिन्याला एक. त्याने अंडाशय झोपतात आणि केमोतून वाचतात. फ्रीझिंगवर दीड-दोन लाख कशाला घालवायचे? पुढे काही नाहीच झालं तर सरोगसी आहेच.

ग्वाल्हेरची_पमी

सई, बहिणीला लवकर बरं वाटो. मीही फ्रीझिंगचाच विचार करतेय. वय 38, कॅन्सर वगैरे नाही, फक्त अजून कोणी मनासारखा भेटला नाही. इकडे ग्वाल्हेरला की इंदूरला करावं? किती एग्ज पुरेत? धागा हायजॅक करत नाही, पण विषय तोच आहे म्हणून.

नळकांडी

मी बडोद्याला आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियोलॉजिस्ट आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं शेवटचं तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी आणि आयव्हीएफच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. हे बोलणं फोनवर व्हायला हवं, तुमच्यामार्फत चिठ्ठ्या पाठवून नाही.

सई, रिसेप्शनवरचं उत्तर नेहमीच्या वंध्यत्वाच्या पेशंटसाठी बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही. कॅन्सरच्या पेशंटमध्ये पाळीची वाट बघत नाहीत. चक्राच्या कुठल्याही दिवशी इंजेक्शनं चालू करतात, त्याला रँडम स्टार्ट म्हणतात. कारण सोपं आहे. अंडाशयात छोट्या बीजकोशांची, म्हणजे ज्यांत बीज वाढतं त्या पाण्याच्या पिशव्यांची, लाट फक्त पाळीनंतर एकदाच येते असं नाही, महिन्यात अशा दोन-तीन लाटा येतात. पाळीशी मेळ घालायचा तो गर्भाशयाच्या अस्तरासाठी, आणि इथे आत्ता गर्भ ठेवायचाच नाहीये. उत्तरार्धात सुरू केलं तर औषध जरा जास्त लागतं आणि एक-दोन दिवस वाढतात, इतकंच. साधारण अकरा-बारा दिवस इंजेक्शनं, मग बीजं काढणं. उद्या गेलात तर तीन आठवड्यांत बसतं. फोन करताना पहिलं वाक्य "कॅन्सर आहे, केमोची तारीख अमुक" हेच बोला.

आता आगीत तेल. प्रश्न अगदी योग्य आहे. नुसती इंजेक्शनं दिली तर दहा-बारा बीजकोश एकदम वाढतात आणि इस्ट्रोजेन नेहमीच्या कित्येक पट चढतं. म्हणून अशा पेशंटला इंजेक्शनांसोबत रोज लेट्रोझोलच्या 2.5 च्या दोन गोळ्या देतात. मेडिकलवाला म्हणेल ही तर ब्रेस्ट कॅन्सरचीच गोळी आहे, आणि ते खरंच आहे. ती इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. बीजं वाढतात, पण रक्तातलं इस्ट्रोजेन नेहमीच्या पाळीत असतं त्याच्या आसपास राहतं. बीजं काढल्यावरही पातळी खाली येईपर्यंत गोळी चालू ठेवतात. असं करून घेतलेल्या बायकांमध्ये कॅन्सर जास्त उलटला असं आजवरच्या पाहणीत दिसलेलं नाही. शंभर टक्के हमी मात्र कोणी लिहून देणार नाही.

बंड्या, झोलाडेक्सचं तुम्ही अर्धं बरोबर सांगितलंत. केमोच्या निदान आठवडाभर आधी सुरू केलं तर अंडाशय बंद पडण्याची शक्यता कमी होते. सईने तेही विचारावं. पण ते फ्रीझिंगच्या जागी नाही, फ्रीझिंगनंतर. एसीतला सी, सायक्लोफॉस्फामाइड, बीजांच्या साठ्यावरच घाव घालतो. पाळी परत आली म्हणजे साठा परत आला असं होत नाही. आणि सरोगसी "आहेच" असं आता राहिलेलं नाही. 2021 च्या कायद्यात एकटी बाई म्हणजे 35 ते 45 वयातली विधवा किंवा घटस्फोटिता. अविवाहित मुलगी त्यात बसत नाही. स्वतःची बीजं गोठवायला मात्र लग्नाची अट नाही.

रामबागेतला_बंड्या

बरं, लेट्रोझोलचं ठाऊक नव्हतं. वहिनींचं 2009 सालचं होतं, तेही सांगायला हवं होतं.

सुदामानगरची_सई

नळकांडीताई, खूप आभार. परवाच दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेलो, कालपासून इंजेक्शनं चालू. पाळीचं कोणी विचारलंही नाही. दीड लाख आणि वर औषधं, आणि दरवर्षी ठेवणावळ वेगळी. विम्यातून काही नाही.

आईच्या प्रश्नाचं राहिलं.

नळकांडी

मुद्दाम वेगळं लिहिते. वाढ बघायच्या सोनोग्राफी पोटावरून करून घ्या म्हणून मागा, मूत्राशय भरून. चित्र थोडं कमी स्वच्छ येतं, पण चालतं. बीजं काढताना मात्र सुई योनीमार्गातूनच जाते, वरून नाही. ते पंधरा-वीस मिनिटांच्या भुलीत होतं, मुलीला काही कळत नाही. आईंना हे आधीच सांगा, ऑपरेशन थिएटरच्या दारात नको.

आणि ट्रिगरच्या, म्हणजे बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची वेळ. पिकलेली बीजं सुटी व्हायला साधारण 36 तास लागतात, काढायची वेळ त्यावरून ठरलेली असते. आमच्याकडे एकीने रात्री साडेदहाऐवजी साडेबाराला घेतलं आणि भीतीने सांगितलंच नाही. सुईत बरंचसं पाणीच आलं. चूक झाली तर लगेच फोन करायचा, वेळ पुढे ढकलता येते. तुमच्याकडे ट्रिगर ल्युप्रोलाइडसारखा असेल, एचसीजीचा नाही. त्याने पोट फुगून आजारी पडण्याचा धोका फार कमी होतो. केमो तोंडावर असताना तेवढं तरी टळावं.

ग्वाल्हेरची_पमी

माझं कोणी वाचलंच नाही वाटतं :)

सुदामानगरची_सई

पमी, सॉरी. आमच्या घरी सध्या रात्री नऊला जेवणाच्या टेबलाचा दवाखाना होतो. पावडरची बाटली, पाण्याची बाटली, सुई बदलायची, बुडबुडा वर आणून टिचकी मारायची. पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता, शेवटी तिनेच माझ्या हातून घेतलं आणि म्हणाली, "तू पोहे कर, हे मी करते."

सुदामानगरची_सई (अकरा दिवसांनंतर)

काल काढली. सोनोग्राफीत अकरा बीजकोश दिसत होते. नऊ बीजं मिळाली, त्यातली सात गोठवली. अकराची सात कशी झाली? काही चुकलं का? आणि सात म्हणजे सात मुलं नाहीत एवढं कळतं, पण मग सात म्हणजे काय?

नळकांडी

काही चुकलं नाही. प्रत्येक बीजकोशातून बीज हाती लागतंच असं नाही. नऊ मिळाली, त्यातली दोन कच्ची असणार. कच्चं बीज गोठवून फारसा उपयोग नसतो, म्हणून पक्व तेवढीच ठेवतात. उणे 196 अंशाला द्रव नायट्रोजनमध्ये.

आता सातचं गणित, म्हणजे सरासरीने काय होतं ते. तिच्या बाबतीत वेगळं निघू शकतं. उद्या ही वितळवली तर सातातली सहा धडधाकट निघतील असं धरा. प्रत्येकात एक शुक्रजंतू सुईने सोडतात, त्यातली चार फळतील. पाचव्या दिवसापर्यंत वाढून गर्भाशयात ठेवण्याजोगे त्यातले दोन उरतील. वय 31 चं आहे म्हणून त्या दोघांना बऱ्यापैकी आशा असते. एक तरी मूल होण्याची शक्यता अर्ध्याहून काहीशी जास्त, असा माझा अंदाज. विमा म्हणा हवं तर, पण पूर्ण रकमेचा नाही. वितळवेपर्यंत बीज चांगलं की वाईट हे बाहेरून बघून मलाही सांगता येत नाही, त्यामुळे "तुमची ए ग्रेड आहेत" असं कोणी म्हटलं तर मान हलवा आणि सोडून द्या.

पमी, वाचलं होतं. हेच गणित 38 ला लावलं तर पहिल्या पायऱ्या जवळपास तशाच असतात, शेवटची बदलते. पाचव्या दिवसाच्या गर्भांपैकी निम्म्यांत गुणसूत्रांचा घोळ निघतो, आणि बेचाळिशीत तर बहुतेकांत. त्यामुळे तुम्हाला सात पुरणार नाहीत, बहुधा दोन-तीन फेऱ्या लागतील. तुमच्या हातात निदान तेवढा वेळ आहे. सईच्या बहिणीला एकच फेरी मिळाली. शहर कुठलंही निवडा, पण विचारा: गोठवलेली बीजं वितळवून तुमच्याकडे किती बाळं झाली? गोठवणाऱ्या लॅब पुष्कळ आहेत, वितळवण्याचा हात बसलेल्या कमी.

सुदामानगरची_सई

एक फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं की ती गेली तर एग्जचं काय करायचं. तिने पेन घेतलं, "नष्ट करा" वर खूण केली आणि पान उलटलं. मी मात्र बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

दहा वर्षंच ठेवता येतात म्हणे? आणि केमोनंतर पाच वर्षं हार्मोन अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी आहे, त्यात गरोदर राहायचं नाही. मग वेळ उरतो कुठे?

नळकांडी

कायद्याने दहा वर्षं, बरोबर. ठेवणावळ वेळेवर भरा आणि पत्ता-फोन बदलला तर कळवा. पत्रं परत आलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत.

टॅमॉक्सिफेनचं: 2023 मध्ये एक मोठी पाहणी आली. त्यात दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवलेल्या बायकांमध्ये पुढच्या तीन-चार वर्षांत कॅन्सर जास्त उलटला नाही. लांबचं अजून कळायचंय. गोळी सोडल्यावरही तीन महिने थांबावं लागतं. तिच्या गाठीला ते लागू पडेल का, हे तिचे डॉक्टर सांगतील.

सुदामानगरची_सई

विचारलं आज. म्हणाले, "दोन वर्षांनी या प्रश्नाला भेटू." झोलाडेक्सचं पहिलं इंजेक्शन आजच दिलं. केमो पुढच्या गुरुवारी. आईने गणपतीला नारळ ठेवलाय आणि फ्रीजवर सात बोटं काढलेला कागद लावलाय, का ते विचारलं नाही.

ग्वाल्हेरची_पमी

माझ्या रक्ततपासणीचा एएमएच आला. 0.9. आता?

नळकांडी

त्यावरून बीजं साधारण किती मिळतील ते कळतं, कशी असतील ते नाही. अंडाशयातले छोटे बीजकोश मोजणारी सोनोग्राफी करून घ्या आणि दोन्ही आकडे घेऊन नवीन धागा काढा. इथे गुरुवारची वाट बघूया.