मदत हवी आहे: मालवणच्या घरातल्या एसीच्या आउटडोअर कॉइलचा भुगा झालाय, कोटिंग करावं का?

जुळेसोलापूरची_ताई
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात राहते, माहेर मालवणजवळ, घरातून निघालं की चालत पाच मिनिटांत किनारा. आईबाबांसाठी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला, तोच मॉडेल आमच्या इथंपण आहे. सोलापुरातला आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर ऊन खात बसलाय, धूळ सोडली तर पत्रा अजून नवा दिसतोय. तिकडचा तिसऱ्याच उन्हाळ्यात गेला. गॅस संपला म्हणून मेकॅनिकनं भरला, महिनाभरात परत गार हवा बंद. बाबांनी फोटो पाठवलाय, मागच्या बाजूचे पत्रे पांढरे पडलेत आणि खालच्या कोपऱ्यात बोट लावलं की गळून पडायलेत. युनिट पावसापासून वाचावं म्हणून मुद्दाम छज्जाच्या आत बसवलं होतं तरी असं झालं. आता एक जण म्हणतोय वरून कोटिंगचा स्प्रे मारून देतो, पाच-सात वर्षं बघायला नको. मारून घ्यावं का? आणि बाबांना स्वतः करता येईल असं साफसफाईचं काही असेल तर सांगा, त्यांचं वय सत्तरच्या पुढं आहे.

पेठेतला_पक्या
ताई, ॲल्युमिनियमचा कॉइल असेल म्हणून गेला, कॉपरचा घ्यायचा होता. कॉपर सडत नाही. आणि वापर नसताना प्लास्टिकचं कव्हर घालून बांधून ठेवा, खारा वारा आत जाणारच नाही.

जुळेसोलापूरची_ताई
दादा, कॉपरचाच आहे, बिलावर पण लिहिलंय.

विजापूर_रोड
आमच्या इथं सोलापुरातच पांढरं झालंय हो. समुद्र कुठं आलाय इथं? बोअरच्या पाण्यानं दर महिन्याला धुतो, तरी पत्र्यांवर पांढरा थर. म्हणजे कंपनीचा मालच खराब, समुद्राचं नाव उगाच.

वेंगुर्ल्याचो_मिस्त्री
ताई, मी किनारपट्टीवरच एसीची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉपर कॉइल म्हणजे आतली नळी तांब्याची, तिच्यावर जे पातळ पत्रे, म्हणजे फिन, चढवलेले असतात ते ॲल्युमिनियमचेच. खारं पाणी मधे आलं की या दोन धातूंची जोडी बॅटरीसारखी वागते आणि त्यात ॲल्युमिनियम स्वतःला खाऊन घेतं. सुरुवात होते फिन नळीला जिथं घट्ट बसलेली असते तिथं. तिथली पकड सुटली की नळीतली उष्णता फिनला मिळतच नाही, म्हणून गॅस गळायच्या आधीच दुपारी कूलिंग कमी झालेलं असतं, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही. क्लॅम्प मीटर लावला तर करंट नेहमीपेक्षा जास्त दिसतो.

आता छज्जाचं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी आमच्याकडे रात्रभर कॉइल ओलाच. उघड्यावरच्या युनिटचं मीठ जून ते सप्टेंबर पाऊस धुऊन नेतो. छज्जाखाली वारा मीठ आणून टाकतो पण पाऊस पोचत नाही, म्हणून ते साठतच जातं. एकाच घरात छज्जाखालचं युनिट आधी गेलेलं मी बघितलंय. प्लास्टिक कव्हरचं पण तेच, बांधून ठेवलं की आतला ओलावा सुकत नाही. पक्याभाऊ, ते नका सांगू कुणाला.

स्प्रे मारू नका. फिनच्या खाचांत मीठ आणि पांढरी पूड बसलेली आहे, वरून थर दिला की ते आत कोंडून राहणार आणि खालून चालूच राहणार. शिवाय दोन ओळींचा कॉइल असेल तर स्प्रे फक्त बाहेरच्या तोंडाला लागतो, आतल्या ओळीला नाही. आणि दोन फिनमधली फट दीड मिलिमीटरच्या आसपास, जाड रंग बसला तर हवाच अडली.

जुळेसोलापूरची_ताई
मग कोटिंग हा प्रकारच बेकार म्हणायचा का? आमच्या एसीवर निळं फिन होतं, दुकानदार म्हणाला होता की ते गंजतच नाही.

वेंगुर्ल्याचो_मिस्त्री
बेकार नाही, पण निळं फिन म्हणजे पत्र्याच्या रोलवर आधी कोटिंग देतात आणि नंतर कापून भोकं पाडतात. म्हणजे कापलेली कड आणि नळीचं भोक उघडंच राहिलं, गंज तिथूनच सुरू. सोलापूरला भरपूर झालं, किनाऱ्यावर थोडा वेळ मिळतो, इतकंच. खरं काम करतं ते कॉइल पूर्ण तयार झाल्यावर अख्खा बुडवून केलेलं इपॉक्सीचं कोटिंग. थर साधारण 25-30 मायक्रॉनचा, त्यामुळे फट बुजत नाही आणि कडापण झाकल्या जातात. पण ते कोऱ्या कॉइललाच, बसवायच्या आधी. तुमचा कॉइल त्या पलीकडे गेलाय. गळती शोधायची असेल तर तेलकट काळा डाग बघा, गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते. नळीला ब्रेझिंग करून भोक बंद होईल, फिन परत येणार नाहीत, आणि कमी फिनवर कंप्रेसर ओढत राहील. नवा कॉइल टाका नाहीतर युनिट बदला, पण गॅस परत परत भरू नका.

विजापूर रोडवाले, तुमचा प्रकार वेगळा वाटतो, तो बोअरच्या पाण्याचा क्षार. लिंबाचा एक थेंब टाका, फसफसलं तर क्षार, आणि खालचा पत्रा अखंड असेल. गंजाची पूड फसफसत नाही आणि पत्रा हाताला चुरतो. थेंब टाकलेली जागा लगेच साध्या पाण्यानं धुवा.

विजापूर_रोड
फसफसलं की राव! मग आता ॲसिडवाला कॉइल क्लीनर मारू का?

वेंगुर्ल्याचो_मिस्त्री
नको, ॲसिड क्षाराबरोबर फिनपण खातं. पुढचं धुणं नळाच्या पाण्यानं करा, आहे तो थर फार नसेल तर राहू द्या.

ताई, बाबांसाठी. एमसीबी बंद करून दहा मिनिटं थांबायचं. साधं गोडं पाणी, झारीनं किंवा मंद धारेच्या पाइपनं, वरून खाली, फिन उभ्या असतात त्याच दिशेनं. जिथं मीठ बसतं ती मागची बाजू नीट, पाणी इलेक्ट्रिकच्या बाजूच्या झाकणावर मारायचं नाही. प्रेशर वॉशर नको, फिन वाकतात. खालच्या ट्रेची भोकं मोकळी ठेवायची, तिथं पाणी तुंबलं की खालचा कोपरा आधी सडतो, तुमच्या फोटोत तेच दिसतंय. ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी, छज्जाखाली असेल तर पावसाळ्यातपण महिन्यातून एकदा. एसी चालू नसला तरी धुवायचं, मीठ तर बसतच असतं.

आणि एक, बागेत बोर्डो मिश्रण मारायचा पंप असेल तर तो यासाठी अजिबात वापरायचा नाही. त्यात मोरचूद, म्हणजे तांबं. ते ॲल्युमिनियमवर पडलं की जागोजागी भोकं पडतात.

जुळेसोलापूरची_ताई
बरं झालं सांगितलंत, बाबा सुपारीवर तोच पंप वापरतात. पण आमची विहीर एप्रिलनंतर मचूळ होते, मग?

वेंगुर्ल्याचो_मिस्त्री
तोंडाला खारट लागत असेल तर त्या पाण्यानं धुणं म्हणजे मीठच टाकणं. तेवढे दोन महिने प्यायच्या पाण्याच्या टाकीतलं एक-दोन बादल्या वापरा, पुरतं.

पेठेतला_पक्या
मग नवा युनिट छज्जाबाहेर काढा की सरळ.

वेंगुर्ल्याचो_मिस्त्री
समुद्राकडे तोंड असेल तर ते पण बरं नाही, वाऱ्याचा थेट मारा बसतो. घराची जमिनीकडची बाजू मिळाली तर उत्तम, पण पाइप लांबतो आणि खर्च वाढतो. घर बघितल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही.

जुळेसोलापूरची_ताई
मागच्या बाजूला गोठा आहे, तिथल्या वासाचा आणि वाफेचापण कॉइलवर परिणाम होतो म्हणतात, खरं का? आणि कोरा कॉइल बुडवून कोटिंग करून देणारं कोल्हापूर किंवा पुण्याला कुणी माहीत असेल तर कृपया इथं सांगा, बाबांना मे महिन्याच्या आत बसवून द्यायचाय.