काकांच्या मेल परत येताहेत (छपराचे फोटो)

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

गुहागरच्या सुधाकाकांना पाठवलेली मेल काल परत आली, खाली "over quota" लिहून. फोन केला तर म्हणाले, "अगो, मी काही साठवत नाही. येतं ते वाचतो नि तसंच ठेवतो." आता वाचनालयाच्या छपराचं काम पावसाआधी उरकायचं. त्याचे फोटो काकांनी पुतण्याकडून आपल्या या मेलयादीवर टाकले, आपण त्यांना उत्तरं दिली, आणि सुताराचं कोटेशनही काकांच्या त्याच मेलबॉक्समध्ये आहे. सगळं पुसून टाका असं सांगायला जीव धजत नाही. काय काढायचं आणि काय ठेवायचं, कुणी सांगेल का?

प्रेषक: बाबल (मालवण, सध्या सुट्टीवर)

फोनची मेमरी भरली असतली. माझी पण भरलेली. मी मोठा कार्ड घातलंय आणि सुटलंय.

प्रेषक: विनायक

बाबल, कार्डाचा इथे संबंध नाही. ही जागा गूगलच्या सर्व्हरवरची आहे. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळते, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. मेधा, काकांना आधी one.google.com/storage उघडायला सांग. कशाने किती जागा खाल्ली ते तिथे वेगवेगळं दिसतं.

प्रेषक: मेधा

पुतण्याने बघून सांगितलं: मेल ११ जीबी, उरलेलं बहुतेक फोटो.

प्रेषक: अनघा

अकरा जीबी मेल? पण उत्तर देताना अटॅचमेंट परत जात नाही ना? ती फक्त फॉरवर्ड केली की जाते. मग आपल्या "छान!", "वा!" अशा उत्तरांनी कसं भरेल? थंडरबर्ड लावून द्या त्यांना. त्यात अटॅचमेंटवर राइट क्लिक करून Delete म्हटलं की मेल राहते आणि फाइल जाते.

प्रेषक: विनायक

> उत्तर देताना अटॅचमेंट परत जात नाही ना?

पेपरक्लिप लावून जोडलेली फाइल बहुतेक प्रोग्रॅममध्ये उत्तराबरोबर जात नाही, हे खरं. पण छपराचे फोटो तसे जोडलेले नव्हते. पुतण्याने ते मजकुराच्या मध्येच चिकटवले होते: मोडलेले वासे, कुजलेल्या रिपा, मग दोन ओळी, मग पुन्हा फोटो. असा फोटो मजकुराचाच भाग होतो. आपण Reply दाबलं की जुना मजकूर खाली उद्धृत होतो, आणि त्याच्यासोबत फोटोही नव्याने भरला जातो. जीमेल तो भाग तीन टिंबांखाली झाकून ठेवतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला आपण काय पाठवतोय ते दिसतच नाही. झाकलं म्हणजे गेलं असं नाही.

आता त्या धाग्याचा हिशोब. चार फोटो, प्रत्येकी साधारण ३ एमबी, म्हणजे १२. मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं. दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, वर ओळी तोडण्याची भर. एकूण सुमारे ३७ टक्के वाढ, म्हणजे ती मेल १६ एमबीच्या वर. तिला अकरा उत्तरं आली. त्यांतल्या तिघांनी खालचा मजकूर काढला होता, आठांनी नाही. नऊ मेल गुणिले साडेसोळा, जवळजवळ १५० एमबी. कामाचे त्यातले १६. आणि हे यादीवरच्या प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये. गणपती, हळदीकुंकू, आंब्याच्या पेट्या, सगळे धागे असेच वाढले आहेत.

थंडरबर्डबद्दल मात्र जपून. सर्व्हरवरच्या मेलमधली अटॅचमेंट जागच्या जागी काढता येत नाही. थंडरबर्ड तिची फाइलविना नवी प्रत करून ठेवतं आणि जुनी पुसतं. जीमेलमध्ये आयमॅपची नेहमीची सेटिंग अशी असते की पुसलेली मेल All Mail मध्ये राहते. म्हणजे जुनी जशीच्या तशी, वर नवी छोटी. जागा कमी व्हायच्या ऐवजी वाढते. ती सेटिंग आधी कचऱ्यात टाकण्यावर बदलायला हवी. काकांना फोनवरून हे सांगण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा सोपं: पहिली मेल ठेवायची आणि फोटो नुसते ओढून आणणारी उत्तरं काढायची. शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
subject:छपराचे larger:10M
```

`has:attachment` मुद्दाम घातलेलं नाही. मजकुरातल्या फोटोंना पेपरक्लिप दिसेलच असं नाही. जी मेल सापडेल तिच्यात वरचा मजकूर दोन ओळींचा आणि वजन मोठं असेल, तर ती काढण्यालायक. त्या एका मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांतून Delete this message. वरच्या पट्टीतली कचरापेटी दाबू नका, तिने अख्खा धागा जातो, पहिल्या मेलसकट. मग Trash रिकामी करायची, नाहीतर तीस दिवस जागा अडलेलीच.

आणि एक सांभाळा: कोटेशनची पीडीएफ काकांनी स्वतः पाठवलेल्या पाचव्या की सहाव्या उत्तरात आहे. तीही याच शोधात येईल, कारण तिच्याखालीही तेच चार फोटो आहेत. ती आधी उतरवून घ्या, मग पुढचं. फोटोच्या नावावर विसंबू नका. आउटलुकमधून आलेल्या उत्तरात तोच फोटो `image001.jpg` होऊन येतो.

प्रेषक: अनघा

बरं, आयमॅपचं मला माहीत नव्हतं. पण मग इथून पुढे काय? प्रत्येकाने तीन टिंबं उघडून खालचं पुसायचं? निम्मे लोक फोनवरून लिहितात.

प्रेषक: विनायक

हो, पुसायचं. आपल्याला उत्तर द्यायचं असेल ती एक ओळ ठेवून बाकी काढलं की वाचणाऱ्यालाही बरं. थंडरबर्डवाल्यांनी आधी तेवढी ओळ निवडून Reply दाबलं तर तेवढीच उद्धृत होते. शिफ्ट धरून Reply दाबलं तर साध्या मजकुरात उत्तर उघडतं आणि फोटो आपोआप गळतात. जीमेलमध्ये लिहिण्याच्या खिडकीत Plain text mode आहे. फोनवर हे जिकिरीचं आहे, मान्य.

प्रेषक: नीता (यादीची व्यवस्था)

आपली यादी मेलमनवर आहे. `max_message_size` खाली आणली तर मोठ्या मेल माझ्याकडे अडकतील, मग मी एकेक बघत बसायचं का? दुसरा मार्ग म्हणजे फोटो गाळूनच पुढे पाठवायचे. पण मग काकांचा पहिला फोटोही कुणाला दिसणार नाही. मला दोन्ही पटत नाही.

प्रेषक: विनायक

फोटो ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवला तर?

प्रेषक: बाबल

गावाक रेंज येता जाता. दुवो उघडूक बसलंय तर चाय थंड होता. मेलमधलो फोटो एकदा उतारलो की उतारलो.

प्रेषक: नीता

बाबल म्हणतोय तेही खोटं नाही. आठवडाभर मर्यादा ५ एमबी करून बघते. अडकलेल्या मेल रात्री सोडीन, तोवर ओरडू नका.

प्रेषक: सुधाकर (पुतण्याच्या खात्यावरून)

सर्वांस नमस्कार.

विनायक, तू सांगितलंस तसं केलं. कोटेशन उतरवून घेतलं, प्रिंटही काढली. पाच मेल काढल्या. बाकीच्या तीन ठेवल्या, त्यांत वरती हिशोबाचं बोलणं होतं. कचरा रिकामा केला, पण वरचा आकडा अजून हलला नाही.

सुतार शृंगारतळीहून परवा येतोय. सागाचे वासे की आइनाचे, हे त्याला सांगायचंय. मेलचं झालं, त्याचं कोणी बोलेल का?

प्रेषक: विनायक

काका, आकडा लगेच हलत नाही, उद्या बघा. आणि त्या तीन मेलमधलं हिशोबाचं बोलणं कागदावर उतरवून घेतलंत तर त्याही काढता येतील, आणखी पन्नासेक एमबी सुटतील. वाशांचं मी वेगळ्या विषयाने लिहितो, फोटो न घेता.