पुनर्विकासात मधोमध सामायिक अंगण : वास्तुविशारदांचे म्हणणे पटते का?

समिती सदस्य (प्रश्नकर्ते)
मुंबई उपनगरातील आमचा भूखंड २,४०० चौरस मीटरचा आहे. मोकळी जागा तुकड्यांत न विखुरता मधोमध एकच अंगण ठेवावे, असे वास्तुविशारदांनी समितीपुढे मांडले. तेवढ्या जमिनीवर आमची घरेच मोठी का होऊ नयेत? त्यांना त्यांचे भाषण येथे देण्याची विनंती केली आहे.

वास्तुविशारद
सभेत बोललो ते असे :
सभासदहो, घर किती मोठे मिळणार हे चटईक्षेत्र निर्देशांकावर ठरते. इमारत जमिनीवर किती पसरते यावर नव्हे. आपल्याला एकूण ७,२०० चौरस मीटर बांधकाम मिळेल असे धरू. प्रत्येक मजला ९०० चौरस मीटरचा केला तर आठ मजले होतात, ६०० चा केला तर बारा. कोणाचेही घर इंचभर कमी होत नाही, पण ३०० चौरस मीटर जमीन मोकळी राहते.

आपल्या आकाराच्या भूखंडाला मुंबईच्या नियमावलीप्रमाणे १५ टक्के, म्हणजे ३६० चौरस मीटर जागा खेळ-विश्रांतीसाठी सोडावीच लागते. त्यातील किमान ६० टक्के, म्हणजे २१६, जमिनीवर आणि त्यातही निम्मी, म्हणजे १०८, उघड्या मातीवर हवी. बाकीची पोडियमवर चालते. नियम क्षेत्रफळ मोजतो, उपयोग मोजत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि मागचे कुंपण यांच्यामधली जागाही नकाशावर हिरवी दिसते, पण तेथे आजी बसत नाही आणि मूलही खेळत नाही. म्हणून माझी मागणी केवळ आकड्याची नाही. वाहनांचा रस्ता एकाच कडेने जावा, अग्निशमन गाडीचा मार्ग अंगणातून नसावा आणि अंगणाखाली तळघर असू नये, म्हणजे झाडांची मुळे खाली जातील आणि पाणी मुरेल.

याची किंमतही सांगतो. उंची वाढली की लिफ्ट, पंप आणि अग्निसुरक्षेचा देखभाल खर्च वाढतो. जमिनीवरील मोटारी हलवायच्या तर यांत्रिक पार्किंग घ्यावे लागेल.

तिसरा मजला, पश्चिम बाजू
अंगण सार्वजनिक झाले तर बाहेरची मुले आणि फेरीवाले आत येतील. आमच्या पैशाने दुसऱ्यांची बाग कशाला?

वास्तुविशारद
सामायिक म्हणजे आपल्या सभासदांची. प्रवेशद्वार आणि सुरक्षा आहे तशीच राहील.

जुने सचिव
१५ टक्के जागा कायद्यानेच सोडायची आहे, मग समितीचे मन वळवण्याचा खटाटोप कशाला? विकासक नियम पाळेल, विषय संपला.

निवृत्त स्थापत्य अभियंता
सचिवसाहेबांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. जागा मिळेल, ती कोठे आणि कशी, हे विकास करारात लिहिल्याशिवाय मिळणार नाही. मंजूर नकाशा पुढे बदलला तर अंगणाचा पहिला बळी जातो. म्हणून नकाशा करारास जोडावा, त्यावर अंगणाची लांबी-रुंदी लिहावी आणि समितीच्या लेखी संमतीशिवाय तेथे बदल होणार नाही असे कलम घालावे.

माझा विरोध मात्र यांत्रिक पार्किंगला आहे. कोणा एकाचा सेन्सर बिघडला की सकाळी आठ वाजता खालच्या तबकावरील मोटार अडकते. दोषदायित्वाची मुदत संपल्यावर देखभाल आपल्या माथी येते. वास्तुविशारदांनी ही अडचण एका वाक्यात उरकली.

पुण्याहून
आमचा भूखंड ०.४ हेक्टरपेक्षा लहान असल्याने आमच्याकडे मोकळ्या जागेचे १० टक्क्यांचे बंधन लागूच झाले नाही. विकासकाने माहितीपत्रकात दाखवलेली बाग पार्किंगच्या स्लॅबवर निघाली. मातीचा थर उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात झाडे वाळली, पावसाळ्यात स्लॅब गळू लागला आणि जलरोधनासाठी अख्खी बाग उकरावी लागली. त्यामुळे ‘पोडियमवर उद्यान’ हे शब्द वाचले की माझा जीव घाबरा होतो. तुम्हाला उघडी माती मिळत असेल तर सोडू नका.

समिती सदस्य (प्रश्नकर्ते)
माझी शंका पूर्ण फिटलेली नाही. तळमजल्यावरील घरांना लागून खासगी बाग देऊन विकासक ती महाग विकेल, त्याचे काय?

वास्तुविशारद
रेरा कायद्यात उद्याने, खेळाच्या जागा आणि उघडे पार्किंग ही सामायिक क्षेत्रे धरली आहेत. ती एका सदनिकेला विकता येत नाहीत, पण ‘केवळ वापराचा हक्क’ अशा शब्दांत तीच गोष्ट मागच्या दाराने येते. करारात तो शब्दप्रयोग शोधून काढून टाका.

निवृत्त स्थापत्य अभियंता
यावर आमचे एकमत आहे. पार्किंगबद्दल मात्र त्यांनी पुढील सभेत दोन्ही पर्यायांचा दहा वर्षांचा देखभाल खर्च मांडावा. तोवर माझे मत विरोधात.