दोन कवितांची तुलना लिहिताना बांधणी कशी केलीत? अनुभव सांगा

रानजाई
लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बालकवींची 'श्रावणमासी हर्ष मानसी' आणि इंदिरा संतांची 'नको नको रे पावसा' यांच्यावर हजार शब्दांत तौलनिक लेख लिहायचा होता. तिने पाचशे शब्द एकीवर, पाचशे दुसरीवर लिहिले आणि शेवटी 'दोन्ही कवितांत पावसाचे सुंदर वर्णन आहे' असं जोडलं. सरांचा शेरा आला, 'तुलना कुठे आहे?' रात्रभर रडली. तुम्ही असे लेख लिहिले-तपासले असतील तर काय केलंत ते लिहा.

जुनी पाटी
बरीच वर्षं हेच गठ्ठे तपासलेत. लेकीचा विषयच अजून ठरलेला नाही. 'पाऊस' हा विषय नव्हे, ती फक्त दोघींची सामाईक जागा. दोन्ही कवितांना विचारता येईल असा एक प्रश्न शोधायला सांगा. मी वर्गात विचारायचे, 'पावसाशी इथे कुणी बोलतं का?' बालकवींकडे कुणीच बोलत नाही. तिथे कुणीतरी मान वर करून बघतंय, इंद्रधनुष्य, तोरण, उंच घरांवर पडलेलं पिवळं ऊन. इंदिराबाईंच्या कवितेत पहिल्या शब्दापासून पावसालाच हाक आहे, रागे भरणं आहे.

मग परिच्छेद या प्रश्नातून पाडायचे. घराचं उदाहरण घ्या. बालकवींची घरं बाहेरून दिसतात आणि आभाळाचाच मांडव होतो. इंदिराबाईंची बाई चंद्रमौळी घराच्या आत आहे, कौलांवर पाऊस नाचतोय, गळतीखाली ठेवायला भांडी पुरत नाहीत. एकाच परिच्छेदात दोघं आले की वाक्य आपोआप तयार होतं: बघणाऱ्याला पाऊस शोभा वाटतो, कारण तो त्याच्या छपरातून आत येत नाही. हे वाक्य एकाच कवितेवर लिहून सुचलं नसतं. 'दोन्हीकडे फुले आहेत' असं लिहून थांबू नये. एकीकडे मुली परडीत फुलं-पत्री खुडतात, दुसरीकडे पाऊस फुलमाळ मातीत लोटतो.

शिरवं
म्हणजे आधी एक कविता, मग दुसरी ही पद्धत चूकच. मुद्द्यामुद्द्यानेच जायचं. आणि वृत्ताचा मुद्दा टाळा, दोन्ही गेयच आहेत, फरक नाही.

जुनी पाटी
पहिला मुद्दा अर्धाच बरोबर. कविता आखूड असतील तर आधी एक, मग दुसरी हेही चालतं. फक्त दुसरीवर लिहिताना दर दोन वाक्यांनी पहिलीकडे वळून बघावं लागतं. वृत्ताचं मात्र मोजून बघा. 'श्रावणमासी | हर्ष मानसी | हिरवळ दाटे | चोहिकडे' हे आठ-आठ-आठ-सहा मात्रांचं, डौलात झुलत जाणारं. 'नको नको रे पावसा' आठ अक्षरांचं, ओवीच्या जवळचं, जात्यावर बसून बोलावं तसं. बघणं आणि बोलणं हा फरक लयीतही आहे, म्हणून तो त्याच मुद्द्याखाली यावा. 'भाषाशैली' असा वेगळा कप्पा केलात की लेख तुटतो.

पैलथडी
इंदिराबाईंचे पती, कवी ना. मा. संत, १९४६ मध्ये गेले. त्यांच्या कवितेतला सखा म्हणजे तेच, म्हणून ही विरहाची कविता आणि ती आनंदाची. मी परीक्षेत असंच लिहिलं होतं आणि मार्क चांगले मिळाले होते.

आठ कोस
माझे याच मुद्द्यावर गेले. कवितेतला सखा वाटेवर आहे. वेशीपुढे आठ कोस धावून त्याला माघारी आण, असं ती पावसाला सांगते. जो परतू शकतो त्याच्याविषयीची ही विनवणी आहे. चरित्र आत आणलं की हे दिसेनासं होतं. शिवाय दुसऱ्या बाजूला बालकवींचं काय चरित्र ठेवणार? तुलनेचा मुद्दा दोन्ही पारड्यांत ठेवता आला पाहिजे.

पैलथडी
विरह तरी आहेच ना? मला अजून तसंच वाटतं.

मोगरी
माझा मुलगा दहावीत आहे, त्याला एका कवितेचं रसग्रहण असतं. त्यालाही दुसरी कविता जोडावी का?

जुनी पाटी
नको ताई, विचारलेल्या कवितेवरच लिहू दे.

आठ कोसांवरून आठवलं. 'किती सोसले मी तुझे' इथे कविता वळते. तोवर 'नको' म्हणणारी बाई पावसालाच कामाला लावते. अशी कलाटणी 'श्रावणमासी'त नाही. मुलं इथे अडतात आणि ओढूनताणून जोडी लावतात. लावू नये. 'तिथे वळण नाही, कारण पावसाकडे मागायचं काहीच नाही' एवढं लिहून शेवटचा परिच्छेद या एकाच कवितेला द्यावा. असमान झाला तरी चालेल.

रानजाई
आज तिने पुन्हा लिहायला घेतलं. तिला एक सापडलं: दोन्ही कविता पूजेपाशी थांबतात. तिथे ललना देवदर्शनाला निघतात, इथे ती सख्याच्या डोळ्यांत पावसाची वीज पुजणार आहे. हे सुरुवातीला घ्यावं की शेवटी?

आठ कोस
सुरुवातीला. वाचणारा तेवढ्यासाठी पुढे जाईल.

जुनी पाटी
मी शेवटी घेतलं असतं. भांडी आणि कौलं आधी आली नाहीत तर ती पूजा कुणाची आहे ते कळत नाही. दोन्ही करून बघू दे तिला.