आईच्या मोबाईलवर एकदा बघितलेला व्हिडिओ हिस्ट्रीतून कसा काढायचा?

खानापूरची_लेक
आई खानापुरात एकटीच असते. गेल्या महिन्यात तिला मुतखड्याचा त्रास झाला. बेळगावला दाखवलं, औषध चालू आहे, आता बरी आहे. पण त्या दिवसांत तिनं यूट्यूबवर ‘मुतखडा’ शोधून एक व्हिडिओ बघितला. आता उघडलं की किडनी फेल, डायलिसिस, ‘ही सात लक्षणं’, हेच समोर. पहाटे हरिपाठ लावायला फोन घेते आणि पहिला फोटो मशीनला जोडलेल्या माणसाचा. काल रडत फोन केला. मी तो व्हिडिओ हिस्ट्रीतून काढला, तरी तसलेच येतायत. काय चुकतंय?

निपाणीचा_भाऊ
ताई, सगळी हिस्ट्रीच क्लिअर करा आणि बंद करून टाका. मी तेच केलंय. कटकट नाही.

टिळकवाडी_मोबाईलवाला
भाऊ, त्रास थांबेल हे खरं, पण ताईंच्या आईचं नुकसान होईल. हिस्ट्री पुसून बंद ठेवली की Home पान जवळजवळ रिकामं होतं. हरिपाठ, कीर्तन, रेसिपी, सगळंच जातं. ज्यांना टाईप करायला जमत नाही त्यांना मग काहीच सापडत नाही.

ताई, तुमचं पाऊल बरोबर होतं, पण बहुतेक अर्धंच झालंय. आईनं पहिला बघितला, त्यावरून दुसरा आला, घाबरून तोही बघितला, मग तिसरा. तुम्ही पहिलाच काढलात. बाकीचे आत आहेत तोवर त्यांच्यावरून तसलेच येत राहणार. फोन हातात घेऊन असं करा: खाली कोपऱ्यात `You`, तिथं `History`, मग `View all`. वर शोधायची जागा आहे, तिथं ‘मुतखडा’, ‘किडनी’, `kidney` असं एकेक टाका. आई कन्नड व्हिडिओ बघत असतील तर कन्नड अक्षरांतही टाका, आपल्याकडं दोन्ही भाषांतलं बघितलं जातं. जो दिसेल त्याच्या बाजूची तीन टिंबं दाबून `Remove from watch history`.

शोधलेले शब्दही वेगळे साठतात. त्याच पानावरच्या मेनूत `Manage all history` आहे, तिथून ‘मुतखडा’ शोधल्याची नोंद काढा. आणि चुकून लाईक केलं असेल तर तेही काढा. हिस्ट्रीतून काढल्यानं लाईक जात नाही.

चिकोडी_मास्तर
मी क्रोममधली हिस्ट्री रोज डिलीट करतो, तरी माझ्याकडं कुस्तीचेच व्हिडिओ येतात. आणि व्हॉट्सॲपवर आलेले तर गॅलरीतून जातच नाहीत. ते कसे काढायचे?

टिळकवाडी_मोबाईलवाला
मास्तर, क्रोमची हिस्ट्री वेगळी. यूट्यूबची तुमच्या अकाउंटमध्ये असते, ती यूट्यूबमध्येच जाऊन काढावी लागते. गॅलरीचा याच्याशी संबंध नाही, त्याचा वेगळा धागा काढा.

खानापूरची_लेक
आईच्या फोनवर मेनू सगळा कन्नडमध्ये आहे, दुकानदारानंच तसा लावून दिलाय. तिला वाचता येतं, मला नाही. मी फोनवरून कसं सांगू?

हिंडलगा_वहिनी
जागा त्याच असतात गं. खाली उजवीकडं शेवटचं, मग टिंबं. आमच्या सासूबाईंना मी अक्षर न सांगता ‘तीन टिंबं’ एवढंच शिकवलंय. एक खूण सांगते. व्हिडिओच्या फोटोखाली लाल रेघ दिसली तर तो अजून हिस्ट्रीत आहे. काढल्यावर रेघ जाते. नाही गेली तर दुसऱ्याच अकाउंटमधून काढलायस असं समज.

टिळकवाडी_मोबाईलवाला
वहिनींनी नेमकं सांगितलं. पण नुसतं काढून शंभर टक्के थांबत नाही, हेही ताईंनी धरून चालावं. मोझिलानं २०२२ साली लोकांच्या मदतीनं ही बटणं तपासली होती. हिस्ट्रीतून काढल्यावर नको असलेल्या शिफारशी साधारण २९ टक्के रोखल्या गेल्या, `Don't recommend channel` नं ४३ टक्के, आणि `Not interested` नं फक्त ११. म्हणून जे दोन-तीन चॅनेल सारखं घाबरवतायत, त्यांच्यावर Home मधूनच `Don't recommend channel` दाबा. पुढं कधी आजाराबद्दल बघायचंच झालं तर आधी `Turn on Incognito` करून बघायला सांगा, म्हणजे त्याची नोंदच राहत नाही.

खानापूरची_लेक
रविवारी घरी जाऊन बसले. एकूण १४ व्हिडिओ निघाले, त्यातले पाच कन्नड. एकावर लाईकही होता, आई म्हणाली, “डॉक्टर चांगले बोलत होते गं.” सगळं काढलं, दोन चॅनेल बंद केली. आज पहाटे तिनं स्वतःहून फोन केला, हरिपाठच वर आला म्हणाली. खाली एक डायलिसिसचा अजून दिसतो.

पण टीव्हीवर तसलेच येतायत. टीव्ही दादाच्या अकाउंटवर आहे आणि तो पुण्यात. त्याच्या फोनवरून त्यानं काढले तर टीव्हीवरचे जातील का?

हिंडलगा_वहिनी
अकाउंट तेच असेल तर जातील. पण त्याला आधी विचार, त्याची मुलंही त्यावरच बघत असतील.