मदत हवी आहे : शाहरुख खानची पहिली मालिका नेमकी कोणती?

कोल्हापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी मालिकांतून चित्रपटांत गेलेल्या कलाकारांवर लिहीत असून शाहरुख खानच्या नोंदीपाशी अडलो आहे. बहुतेक ठिकाणी १९८९ची ‘फौजी’, म्हणजे अभिमन्यू रायची भूमिका, पहिली म्हणून दिलेली असते. परंतु त्याचीच भूमिका असलेल्या, दिग्दर्शक लेख टंडन यांच्या ‘दिल दरिया’ मालिकेचे चित्रीकरण १९८८मध्येच सुरू झाले होते आणि निर्मिती रखडल्याने ‘फौजी’ आधी पडद्यावर आली. मुलाखतीत कलाकार चित्रीकरणाचा क्रम सांगतो, प्रेक्षक प्रक्षेपणाचा, त्यामुळे दोन्ही खरे असूनही नोंदी जुळत नाहीत. माझ्या मते ‘पहिले काम’ आणि ‘पहिले दर्शन’ वेगळे लिहावे. १९८८-८९च्या वृत्तपत्रांतील दूरदर्शनच्या दैनिक कार्यक्रमपत्रिकेची कात्रणे किंवा बांधीव अंक करवीर नगर वाचन मंदिरात अथवा कुणाच्या घरी पाहायला मिळतील का?